ओळ मोडायची कुठे?

मोबाइलवर एका शेतातला व्हिडिओ चालू आहे. आगटीवर कणसं भाजली जात आहेत, राखेत धूर घुटमळतोय, शेतमालकीण कॅमेऱ्याकडे बघून बोलतेय. बघणाऱ्याने आवाज बंद ठेवलाय, कारण तो लोकलमध्ये उभा आहे. त्याला फक्त तळाच्या दोन ओळी दिसतात:

शहरात मिळतो तसा सकाळी काढून
संध्याकाळी विकलेला हुरडा आम्ही देत

या दोन ओळी चार सेकंद पडद्यावर राहतात आणि मग त्यांच्या जागी दुसऱ्या दोन येतात:

नाही आणि हो येण्याआधी फोन करून या
कारण डिसेंबर ते फेब्रुवारी एवढेच

बाई म्हणाल्या होत्या की असा शिळा हुरडा आम्ही देत नाही. पडद्याने चार सेकंद सांगितलं की देतो. त्या चार सेकंदांत ज्याने अंगठ्याने व्हिडिओ वर सरकवला, त्याच्या मनात जाहिरात उलटी बसली. शुद्धलेखनाची एकही चूक नाही, एकही शब्द गाळलेला नाही. चूक आहे ती ओळ मोडण्याच्या जागेत.

हा नमुना या लेखासाठी रचलेला आहे, पण अशा ओळी तयार होण्याची पद्धत रोजच्या कामातली आहे. बोलणं ऐकून कोणीतरी ते सलग टाइप करतं, बहुतेकदा विरामचिन्हांशिवाय. तो मजकूर सबटायटलच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला जातो आणि मर्यादा ठरवली जाते: एका ओळीत जास्तीत जास्त ३५ चिन्हं, एका वेळी दोन ओळी. सॉफ्टवेअर इमानेइतबारे मोजत जातं. पुढचा शब्द घेतला तर ३५ ओलांडतात असं दिसलं की ते खाली उतरतं, दोन ओळी भरल्या की नवी पाटी सुरू करतं. एका वेळी पडद्यावर दिसणाऱ्या या एक-दोन ओळींच्या गटाला इथे पाटीच म्हणू. वर दिलेल्या दोन्ही पाट्या नेमक्या या हिशेबाने पडलेल्या आहेत. ‘देत’पर्यंत दुसऱ्या ओळीत ३४ चिन्हं झाली, ‘नाही’ घेतलं असतं तर ३९ झाली असती. म्हणून ‘नाही’ पुढच्या पाटीत गेलं.

अशी मोडतोड वाचणाऱ्याला खरंच अडवते का, याची तपासणी झालेली आहे. ऑलिव्हिया गेर्बेर-मोरोन, अग्नियेष्का शार्कोव्स्का आणि बेन्सी वोल यांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी, पोलिश आणि स्पॅनिश बोलणाऱ्या, तसंच बहिऱ्या आणि कमी ऐकू येणाऱ्या प्रेक्षकांना त्यांनी दोन प्रकारची सबटायटलं दाखवली. एका प्रकारात ओळी वाक्याच्या रचनेप्रमाणे मोडलेल्या होत्या, दुसऱ्यात रचनेची पर्वा न करता. प्रेक्षकांची नजर कुठे जाते आणि किती थांबते हे यंत्राने टिपलं. निष्कर्ष असा की वेड्यावाकड्या मोडलेल्या ओळी वाचताना डोक्यावर जास्त ताण येतो, पण आशय समजण्यात मोठा फरक पडत नाही. माणूस तुकडे जोडून घेतो.

सिनेमा बघायला बसलेल्या माणसाच्या बाबतीत हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे. तो तिकीट काढून आलेला आहे किंवा सोफ्यावर निवांत बसलेला आहे, थोडा ताण सोसून तो पुढे जातो. जाहिरातीच्या व्हिडिओचा प्रेक्षक असा बांधलेला नसतो. तुकडे जोडण्याचं काम त्याच्यावर पडलं की तो निघून जातो, आणि आपण का कंटाळलो हे त्यालाही कळत नाही. शिवाय त्या अभ्यासातल्या भाषा मराठीहून वेगळ्या ठेवणीच्या होत्या. मराठीत मोडतोडीची किंमत जास्त पडते, ती का हे बघायला हवं.

मराठी वाक्याचं वजन शेवटी असतं. कोण, कुठे, कसं, काय हे सगळं आधी येतं आणि क्रियापद सर्वांत शेवटी. नकार तर क्रियापदाच्याही पुढे उभा असतो. ‘देत नाही’, ‘वापरायचं नाही’, ‘घालत नाही’. वाक्य दोन पाट्यांत विभागलं तर पहिल्या पाटीला बहुधा क्रियापदच नसतं, आणि मोडण्याची जागा चुकली तर नकार तेवढा पलीकडे जातो. इंग्रजीत नकार वाक्याच्या सुरुवातीजवळ येत असल्यामुळे हा धोका तिथे कमी. त्यामुळे इंग्रजी सबटायटलांच्या नियमपुस्तिकांमध्ये या एका गोष्टीवर जेवढा भर असायला हवा तेवढा दिसत नाही, आणि त्या पुस्तिका वाचून शिकलेल्या मराठी संपादकाचंही तिकडे लक्ष जात नाही. मराठी फाइल हातात आली की आधी प्रत्येक ‘नाही’, ‘नको’, ‘नये’ शोधून काढावा आणि तो आपल्या क्रियापदाच्या शेजारी, त्याच ओळीत आहे ना हे बघावं. दहा मिनिटांचं काम आहे, पण व्हिडिओतली सर्वांत महागडी चूक त्यातच सापडते.

दुसरी गोष्ट जोडणाऱ्या शब्दांची. बहुतेक पुस्तिका सांगतात की उभयान्वयी अव्ययाच्या आधी ओळ मोडा, म्हणजे ‘आणि’, ‘पण’ हे शब्द नव्या ओळीच्या सुरुवातीला येतील. ‘आणि’, ‘पण’, ‘कारण’ यांना हे लागू पडतं. पण ‘की’ आणि ‘तर’ यांना हाच नियम लावला की मराठी कान लगेच खटकतो. मराठी माणूस ‘कणीस तोडलं की’ एवढं एका दमात म्हणतो आणि मग थांबतो. ‘गाडी घेऊन आलात तर’ म्हणतो आणि मग थांबतो. ‘की’ आणि ‘तर’ मागच्या शब्दाला चिकटलेले असतात, श्वास त्यांच्यानंतर घेतला जातो. म्हणून ओळही त्यांच्यानंतर मोडायची:

कणीस शेतातून तोडलं की
अर्ध्या तासात भाजून पानात पडतं.

‘म्हणून’ दोन्हीकडे जातं. ‘थंडी पडली म्हणून हुरडा गोड आहे’ यात ते मागच्याला धरून आहे. ‘पाऊस उशिरापर्यंत होता. म्हणून यंदा हुरडा उशिरा आला’ यात ते पुढच्याचं आहे. इथे नियम पाठ करून भागत नाही, वाक्य मोठ्याने म्हणून बघावं लागतं. जिथे बोलणारी व्यक्ती नैसर्गिकपणे थांबेल तिथे मोडलेली ओळ सहसा बरोबर असते.

बाकीच्या जोड्या ओळखायला सोप्या आहेत. ‘च्या’, ‘ची’, ‘चा’ लागलेला शब्द ज्याच्याविषयी आहे त्याच्यापासून तोडू नये. ‘गुळभेंडी ज्वारीचा / हुरडा’ अशी ओळ पडली की ज्वारीचा काय, हे खाली गेल्यावर कळतं. ‘करून या’, ‘घेऊन जा’, ‘बसून खा’ यांसारखी जोडक्रियापदं एकत्र ठेवावीत. आकडा आणि त्याचं माप, म्हणजे ‘७५० रुपये’ किंवा ‘दोन किलोमीटर’, कधीही वेगळे होऊ देऊ नयेत. त्यासाठी दोन शब्दांमध्ये साध्या जागेऐवजी न मोडणारी जागा टाकता येते. ती पडद्यावर नेहमीच्या जागेसारखीच दिसते, पण तिथे ओळ मोडायची नाही हे सॉफ्टवेअरला कळतं.

आता ३५ या आकड्याकडे येऊ, कारण मराठीच्या बाबतीत तो आकडाच फसवा आहे.

इंग्रजीसारख्या भाषांसाठी नेटफ्लिक्सची मार्गदर्शिका एका ओळीत ४२ चिन्हांची मर्यादा घालते. पाटी जास्तीत जास्त दोन ओळींची, पडद्यावर कमीत कमी सेकंदाचा पाच षष्ठांश भाग आणि जास्तीत जास्त ७ सेकंद. वाचनाचा वेग कित्येक भाषांसाठी सेकंदाला १७ चिन्हांच्या आत. बीबीसी हाच हिशेब शब्दांत करते आणि मिनिटाला १६० ते १८० शब्द धरते. रोमन लिपीत ही चिन्हं मोजणं म्हणजे जवळजवळ ओळीची रुंदी मोजणंच आहे, कारण प्रत्येक चिन्ह आपापली जागा घेतं.

देवनागरीत तसं नाही. संगणकाच्या दृष्टीने प्रत्येक व्यंजन, प्रत्येक मात्रा, प्रत्येक हलन्त आणि प्रत्येक अनुस्वार हे वेगळं चिन्ह आहे. ‘विद्यार्थ्यांसाठी’ हा शब्द वाचणाऱ्याला वि, द्या, र्थ्यां, सा, ठी अशी पाच अक्षरं दिसतात. संगणक त्यात १७ चिन्हं मोजतो. रफार वर बसतो, उकार खाली लटकतो, अनुस्वार डोक्यावर असतो. यांपैकी कशानेही ओळ रुंद होत नाही, पण हिशेबात सगळे धरले जातात. त्यामुळे जोडाक्षरांनी भरलेली छोटी ओळ सॉफ्टवेअरला लांब वाटते आणि साध्या अक्षरांची लांब ओळ आखूड वाटते. मराठीसाठी चिन्हांची मर्यादा ठेवू नये असं नाही. पहिली कच्ची मांडणी करायला ती चालते. पण सॉफ्टवेअरने ओळीला लाल खूण केली म्हणून ती ओळ मोडायलाच हवी असं नाही. आधी ती पडद्यावर मावते का ते डोळ्यांनी बघावं.

हुरड्याच्या वाक्यात नेमका हाच प्रसंग येतो. बाईंचं वाक्य तीन तुकड्यांचं आहे. ‘शहरात मिळतो तसा’ ही तुलना. ‘सकाळी काढून संध्याकाळी विकलेला हुरडा’ ही वस्तू. ‘आम्ही देत नाही’ हे विधान. मधला तुकडा फोडणं अवघड आहे, कारण सगळे शब्द एकाच ‘हुरडा’ला धरून आहेत. तो ३६ चिन्हांचा आहे, म्हणजे मर्यादेच्या एका चिन्हाने पलीकडे. सॉफ्टवेअर त्याला लाल करणार. पण अक्षरं मोजली तर ती फक्त १७ भरतात, आणि उभ्या व्हिडिओतही मध्यम आकाराच्या अक्षरांत ती ओळ दोन्ही बाजूंना जागा सोडून मावते.

आता पर्याय असे. एक, मर्यादा पाळून ‘विकलेला’पाशी मोडायचं आणि ‘हुरडा आम्ही देत नाही’ ही दुसरी ओळ करायची. ही वाईट नाही. दुसरी ओळ एकटी वाचली तरी पूर्ण वाक्य होतं, मात्र विशेषण वर लोंबकळत राहतं. दोन, पहिल्या पाटीत ‘शहरात मिळतो तसा / सकाळी काढून संध्याकाळी विकलेला हुरडा’ असं ठेवायचं आणि ‘आम्ही देत नाही’ची वेगळी पाटी करायची. व्याकरणाच्या दृष्टीने सगळे तुकडे शाबूत राहतात, म्हणून पहिल्या नजरेत हीच मांडणी सर्वांत नीटस वाटते. पण आवाज बंद असलेल्या प्रेक्षकाला अडीच-तीन सेकंद शिळ्या हुरड्याचं वर्णन आणि त्याच्यामागे या शेताचं चित्र एवढंच दिसतं. मूळ चूक थोड्या सभ्य रूपात परत आली. जाहिरातीत नाकारलेली वस्तू आणि नकार एकाच वेळी डोळ्यांसमोर असायला हवेत. तिसरा पर्याय म्हणजे ‘शहरात मिळतो तसा’ गाळूनच टाकायचं.

सबटायटल दुसऱ्या भाषेत असतं तर तिसरा पर्याय चालला असता. भाषांतरात शब्द कमी करणं हे संपादकाचं रोजचंच काम आहे. पण इथे बोलणं मराठी आणि ओळीही मराठीच. ज्याने आवाज सुरू ठेवलाय तो एकाच वेळी ऐकतोही आणि वाचतोही, आणि त्याला एक गाळलेला शब्दही टोचतो. वाचायचं की नाही हे त्याच्या हातात फारसं नसतंच. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं होतं की भाषा येत असली, तरी पडद्यावर ओळ उमटली की नजर आपोआप तिच्याकडे जाते. ग्राहकाचा आग्रहही बहुधा तोच असतो. हुरड्याच्या व्हिडिओत मालकिणीचा मुलगा संपादिकेला म्हणणार, “ताई, आई बोलली तो शब्द न् शब्द यायला पाहिजे.” त्याचं बरोबर आहे. “अं”, “म्हणजे”, दोनदा आलेला तोच शब्द एवढं काढून बाकीचं जसंच्या तसं ठेवणं हा एकाच भाषेतल्या ओळींसाठी चांगला मार्ग आहे.

मग उरतो चौथा पर्याय, आणि तो सगळ्यांत चांगला ठरतो. ‘शहरात मिळतो तसा’ या तीन शब्दांना स्वतःची छोटी पाटी द्यायची. बाई तिथे क्षणभर थांबतातही. त्यानंतर वस्तू आणि नकार यांची दोन ओळींची एक पाटी. सबटायटलच्या फाइलमध्ये ते असं दिसतं:

```
7
00:00:12,000 --> 00:00:13,240
शहरात मिळतो तसा,

8
00:00:13,320 --> 00:00:17,000
सकाळी काढून संध्याकाळी विकलेला हुरडा
आम्ही देत नाही.

9
00:00:17,400 --> 00:00:19,640
आणि हो, येण्याआधी फोन करून या.

10
00:00:19,720 --> 00:00:23,240
कारण डिसेंबर ते फेब्रुवारी
एवढेच दिवस हुरडा मिळतो.
```

ही `.srt` फाइल म्हणजे साधा मजकूरच असतो, कोणत्याही नोटपॅडमध्ये उघडतो. पाटीचा क्रमांक, मग सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, मग ओळी, मग एक रिकामी ओळ. स्वल्पविरामानंतरचे तीन आकडे सेकंदाचा हजारावा भाग दाखवतात.

वेळा बारकाईने बघण्यासारख्या आहेत. सातवी पाटी सव्वा सेकंदाच्या आसपास राहते. किमान मर्यादेच्या ती बरीच वर आहे, आणि तीन ओळखीचे शब्द वाचायला तेवढा वेळ पुरतो. आठव्या पाटीत दोन्ही ओळी मिळून ५१ चिन्हं आहेत आणि त्यांना ३.६८ सेकंद मिळतात, म्हणजे सेकंदाला साधारण १४. हा वेग आरामाचा आहे. सातवी संपते आणि आठवी सुरू होते यांत ८० हजारांश सेकंदांची फट ठेवलेली आहे. सेकंदाला २५ चौकटींच्या व्हिडिओत ती दोन चौकटींची होते. ही फट नसली तर एक पाटी जाऊन दुसरी आली हे डोळ्याला कळतच नाही, विशेषतः दोन्ही पाट्यांची लांबी सारखी असेल तर. प्रेक्षक जुनाच मजकूर समजून नजर हलवत नाही.

आठवी पाटी १३.३२ लाच सुरू होण्याला आणखी एक कारण आहे. तिथे चित्र बदलतं. बाईंचा चेहरा जाऊन आगटीवरची कणसं येतात. शब्द त्याच्या किंचित आधी सुरू होतो, पण पाटी चित्राबरोबरच बदलली तर डोळ्याला एकच धक्का बसतो, दोन नाही. या क्षेत्रात पूर्वापार असंही सांगितलं जातं की पाटी तशीच असताना चित्र बदललं, तर प्रेक्षक ती पुन्हा पहिल्यापासून वाचू लागतो. पोलंडमध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नजरेचा माग काढल्यावर बहुतेक प्रेक्षक तसं करत नाहीत असं आढळलं. म्हणजे चित्रबदलावरून पाटी पुढे गेली तर आभाळ कोसळत नाही. झटपट चित्रं बदलणाऱ्या जाहिरातीत दर वेळी ते टाळणं शक्यही नसतं, आणि त्यापायी वाक्य तोडण्यापेक्षा पाटी चित्रबदलावरून जाऊ दिलेली बरी.

नवव्या आणि दहाव्या पाटीत यांत्रिक मोडणीच्या उरलेल्या चुका दुरुस्त झाल्या आहेत. आधी ‘एवढेच’ एका पाटीत आणि ‘दिवस’ पुढच्या पाटीत होता. आता ‘डिसेंबर ते फेब्रुवारी’ एका ओळीत आहे आणि ‘एवढेच दिवस हुरडा मिळतो’ दुसऱ्या ओळीत, आणि दोन्ही एकाच वेळी दिसतात. ‘कारण’च्या आधी पाटी बदलली आहे. ‘फोन करून या’ ही जाहिरातीतली कामाची सूचना, म्हणून तिला एकटीला जागा दिली.

ओळी ठरल्या, वेळा ठरल्या, तरी पडद्यावर त्या कशा दिसतात हे वेगळं काम उरतं, आणि मराठीत तिथेही काही खास अडचणी आहेत.

पहिली अडचण मात्रा फुटण्याची. व्हिडिओ संपादनाच्या काही सॉफ्टवेअरांत मराठी मजकूर टाकला की ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे न येता उजवीकडे जाते, ‘मिळतो’चा ‘म’ सुटा पडतो, जोडाक्षरांत हलन्त उघडे दिसतात. फॉन्ट खराब आहे असं वाटून लोक फॉन्ट बदलत बसतात, पण दोष बहुधा अक्षरजुळणीच्या सेटिंगमध्ये असतो. प्रीमियर प्रोमध्ये `Preferences > Graphics` मध्ये जाऊन मजकुराचं इंजिन `South Asian and Middle Eastern` करावं लागतं. याच्या उलट, जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर सरळ `.srt` मध्ये चिकटवला तर मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून फाइल `UTF-8` मध्ये जतन करावी लागते.

दुसरी अडचण दोन ओळींमधल्या अंतराची. रोमन अक्षरांना धरून ठरवलेलं अंतर देवनागरीला अपुरं पडतं. वरच्या ओळीतले ‘हु’, ‘ढू’ यांचे उकार खाली उतरतात, खालच्या ओळीतल्या वेलांट्या, मात्रा आणि रफार वर चढतात, आणि मध्ये दोन्ही एकमेकांत अडकतात. अंतर थोडं वाढवलं की मोकळं होतं. मजकुरामागे काळी पट्टी ठेवली असेल तर तिची उंचीही वाढवावी, नाहीतर वेलांट्यांचे शेंडे पट्टीबाहेर जाऊन उजळ चित्रात नाहीसे होतात आणि ‘दी’चा ‘दा’ वाचला जातो.

तिसरी गोष्ट जागेची. १०८० बाय १९२० पिक्सेलच्या उभ्या व्हिडिओवर ॲप स्वतःची बटणं चढवतं. उजव्या कडेला पसंतीचं आणि शेअरचं बटण, तळाशी खात्याचं नाव आणि वर्णन. अगदी तळाशी बसवलेल्या ओळी त्यांच्याखाली झाकल्या जातात, म्हणून त्या पडद्याच्या खालच्या तिसऱ्या भागाच्या वरच्या अंगाला आणाव्या लागतात. पण तिथेच जर बाईंच्या नावाची पट्टी किंवा शेवटी फोन नंबर येणार असेल, तर तेवढ्यापुरत्या ओळी आणखी वर सरकवाव्यात. नंबरावर सबटायटल बसलेली जाहिरात बघून फोन कोण करणार?

हल्ली एकेक शब्द उसळी मारत येतो अशी ओळींची पद्धत फार दिसते. घोषणावजा तीन-चार शब्दांना ती शोभते. माहिती सांगणाऱ्या मराठी बोलण्याला मात्र ती मारक आहे. वाक्याचा अर्थ शेवटच्या शब्दावर ठरणार, आणि तो शब्द येईपर्यंत आधीचे सगळे पुसले गेलेले. वाचणाऱ्याला मागे वळून बघायला काही उरत नाही. हुरड्याच्या वाक्यात ‘नाही’ एकटंच मोठ्या अक्षरांत उसळून आलं, तर नाही काय, हे आठवणीतून काढावं लागेल.

काम झाल्यावर तपासणी संगणकाच्या मोठ्या पडद्यावर करू नये. व्हिडिओ फोनवर घ्यावा, आवाज बंद करावा, हात लांब करून धरावा आणि ज्याने बोलणं आधी ऐकलेलं नाही अशा माणसाला एकदाच दाखवावा. त्याने मध्येच थांबवून मागे नेलं तर ती जागा टिपून ठेवावी. मग त्याला विचारावं, हुरडा कधी मिळतो, आणि आधी काय करायचं? उत्तर चुकलं तर त्या पाटीकडे परत जायचं. संपादकाला स्वतःला ही तपासणी जमत नाही. वाक्य त्याला पाठ झालेलं असतं आणि तुटलेली ओळही तो सलग वाचतो.

शेवटी फाइली दोन काढाव्या लागतात, आणि दोन्हींसाठी एकच मांडणी चालत नाही. रील किंवा स्टेटससाठी ओळी चित्रातच पक्क्या छापल्या जातात, त्यामुळे त्या जशा मोडल्या तशाच सगळ्यांना दिसतात. यूट्यूबवर `.srt` वेगळी चढवता येते, तिथे भाषा मराठी निवडायची. या प्रकारात प्रेक्षक ओळी बंद करू शकतो, अक्षरं मोठी करू शकतो, आणि ऐकू न येणाऱ्यांसाठी ‘[शेकोटीचा तडतड आवाज]’ अशा नोंदीही त्यात घालता येतात. पण अक्षरं मोठी केली की लांब ओळ यूट्यूब स्वतःच्या मर्जीने पुन्हा मोडतं. ३६ चिन्हांची ती ओळ पक्क्या छपाईत व्यवस्थित मावली होती. मोठ्या अक्षरांत मात्र ‘हुरडा’ एकटाच खाली उतरू शकतो, आणि पाटी तीन ओळींची होते. म्हणून यूट्यूबच्या फाइलमध्ये आठव्या पाटीसाठी आधी बाजूला ठेवलेली पहिली मांडणी जास्त सुरक्षित आहे. पहिली ओळ ‘सकाळी काढून संध्याकाळी विकलेला’, दुसरी ‘हुरडा आम्ही देत नाही’. ओळी थोड्या आखूड आणि नकार त्याच पाटीत.